भागाकारातला खालचा आकडा

बी-१ बॅचमधल्या एका विद्यार्थ्याने सत्रात ११ प्रॅक्टिकल्स केली. त्याच्याच वर्गातल्या बी-२ बॅचमधल्या मुलीनेही ११ केली. सत्र संपताना लागलेल्या यादीत दोघांच्याही नावापुढे ७३ टक्के होते आणि दोघेही ७५च्या खाली, म्हणजे डिफॉल्टर लिस्टमध्ये. मुलीच्या बाबतीत हिशेब बरोबर होता, मुलाच्या बाबतीत मात्र साफ चुकला होता. बी-२ची प्रॅक्टिकल्स गुरुवारी होत आणि त्यांची १५ झाली. बी-१चा वार सोमवार, आणि त्या सत्रात तीन सोमवार सुट्टीत गेले, म्हणून त्यांची झाली फक्त १२. बारापैकी अकरा म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. शीट तयार करणाऱ्याने वर्गासाठी ‘झालेली प्रॅक्टिकल्स’ असा एकच रकाना ठेवला, त्यात १५ लिहिले आणि सूत्र खालपर्यंत ओढले.

उदाहरण रचलेले आहे, पण बॅच पाडून प्रॅक्टिकल घेणाऱ्या कुठल्याही कॉलेजात हे घडू शकते. हजेरीचा टक्का काढणे म्हणजे साधा भागाकार. वरचा आकडा, विद्यार्थी किती तासांना आला, हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो. मुले तो तोंडपाठ सांगतात. तास किती झाले, हा खालचा आकडा मात्र कुणी तपासत नाही. हजेरीपटातल्या बऱ्याच चुका तिथेच लपतात.

तास ‘झाला’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. शिक्षक रजेवर असतील आणि तासिका दुसऱ्या कुणी घेतली नसेल, तर तास झालाच नाही. त्या तारखेचा रकाना कोराच राहायला हवा. पण शिक्षक वर्गात उभे आहेत आणि अख्ख्या वर्गाने दांडी मारली, तर बहुतेक ठिकाणी तो तास झाला असे धरून सगळ्यांना गैरहजर मांडतात. दोन्ही दिवशी वर्ग रिकामाच होता, पण हिशेबात एका दिवसाने खालचा आकडा एकाने वाढतो आणि दुसऱ्याने वाढत नाही. म्हणून कोरा चौकोन आणि ‘A’ यांत फरक ठेवणे ही या शीटची पहिली शिस्त.

बरेच जण एक्सेलमध्ये ‘झालेले तास’ मोजायला COUNTA वापरतात. ते भरलेले सगळे चौकोन मोजते, मग त्यात काहीही लिहिलेले असो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रवेशफेरीतून उशिरा आलेल्या विद्यार्थ्यापुढे आधीच्या तारखांना ‘NA’ लिहिलेले असते. COUNTA तेही मोजते आणि जो प्रवेशाआधी वर्गात बसूच शकत नव्हता, त्याच्या नावावर ते तास चढतात. चौकोनात चुकून पडलेली स्पेससुद्धा दिसत नाही, पण मोजली जाते. त्यापेक्षा खालचा आकडा ठरलेल्या खुणांतूनच उभा करावा: P हजर, A गैरहजर, D कॉलेजच्या कामासाठी बाहेर.

```
BA5: =COUNTIF(D5:AZ5,"P")+COUNTIF(D5:AZ5,"D")
BB5: =BA5+COUNTIF(D5:AZ5,"A")
BC5: =IF(BB5=0,"NA",BA5/BB5)
```

यात BA म्हणजे धरलेली हजेरी, BB म्हणजे त्या विद्यार्थ्यासाठी झालेले तास आणि BC म्हणजे टक्का. BB प्रत्येकाच्या ओळीतून वेगळा निघतो, म्हणून बॅचचा घोळ आपोआप मिटतो. शिवाय चूक पकडायची एक सोपी खूण हाती लागते. एकाच बॅचमध्ये, एकाच दिवसापासून असलेल्या सगळ्यांचा BB सारखाच यायला हवा. सगळ्यांचा ३८ आणि एकाचाच ३७ असेल, तर त्याचा एक चौकोन भरायचा राहिला आहे किंवा तिथे ‘P’च्या मागे स्पेस पडली आहे. अशा ‘P ’ला COUNTIF हजर धरत नाही, छोटा p मात्र चालतो. टक्क्यांचा रकाना बघून ही चूक दिसत नाही. BB वरून नजर फिरवली की लगेच दिसते.

यानंतर प्रश्न येतो तो टक्का विषयवार बघायचा की एकत्र. सगळीकडे नियम एक नाही. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशात व्याख्याने, प्रॅक्टिकल्स, ट्युटोरियल्स यांची सरासरी किमान ७५ टक्के लागते आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५०. एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० अशा वेगळ्या रेषा आहेत. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत कायद्याच्या विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात ७० टक्के हवेत. अपवादात्मक कारण असेल, तर विषयात ६५ आणि सर्व विषयांत मिळून ७० असली तरी परवानगी देता येते. म्हणजे नुसता ‘७५च्या खाली’ असा एकच गाळ लावलेली शीट एका कॉलेजात बरोबर ठरेल आणि दुसऱ्या कॉलेजात चूक.

मुंबईची दुहेरी अट एका विद्यार्थ्यावर लावून पाहू. रोल नंबर २७. गणिताचे ४० पैकी ३४ तास, भौतिकशास्त्राचे ३६ पैकी ३०, इंग्रजीचे २० पैकी १७, प्रॅक्टिकल्स १५ पैकी १४, आणि रसायनशास्त्राचे ३८ पैकी फक्त १८. एकूण १४९ पैकी ११३, म्हणजे ७५.८ टक्के. एकत्रित अटीत तो काठावर का होईना, पास. रसायनशास्त्रात मात्र ४७.४ टक्के, म्हणजे पन्नासच्या खाली. यादीत नाव लागते ते एका विषयामुळे.

आता मूळ पट उघडायचा. हा विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला गेला होता, प्राचार्यांच्या परवानगीने. बाकीच्या शिक्षकांनी त्या दिवसांपुढे D लिहिले, रसायनशास्त्राच्या पटात मात्र तीन A आहेत. परवानगीने कॉलेजचे प्रतिनिधित्व करताना बुडालेले तास जमेस धरायचे, असे हा अध्यादेश सांगतो. तिन्ही A बदलून D केले की रसायनशास्त्र २१/३८ म्हणजे ५५.३ टक्के होते आणि एकूण ११६/१४९, म्हणजे ७७.९. नाव यादीतून निघते.

काही जण इथे दुसरा मार्ग घेतात: ते तीन तास जमेस न धरता खालच्या आकड्यातूनच वजा करतात. मग रसायनशास्त्र १८/३५, म्हणजे ५१.४ टक्के होते. या मुलाचे दोन्हींत भागते, पण आकड्यांत चार टक्क्यांचे अंतर आहे आणि काठावरच्या दुसऱ्या कुणाचे त्यात वर्ष अडकू शकते. म्हणून D वर मोजायचा की खालून काढायचा, हे विद्यापीठाच्या नियमाचे शब्द वाचूनच ठरवायला हवे. ते शीट भरणाऱ्या क्लार्कच्या किंवा शिक्षकाच्या सवयीवर सोडता कामा नये.

एकत्रित टक्का काढतानाही एक चूक नेहमी होते. थिअरीला ६० पैकी ४२, म्हणजे ७० टक्के, आणि ट्युटोरियलला १० पैकी १०, म्हणजे १००. दोन टक्क्यांची सरासरी काढली तर ८५ येते आणि विद्यार्थी निर्धास्त होतो. सगळे तास एकत्र केले तर ७० पैकी ५२, म्हणजे ७४.३. दहा तासांच्या ट्युटोरियलला साठ तासांच्या थिअरीइतके वजन दिल्यामुळे पहिला आकडा फुगला. नियम तासांच्या एकूण संख्येवर बोलत असेल, तर टक्क्यांची सरासरी कामाची नाही; वरच्या आकड्यांची बेरीज आणि खालच्या आकड्यांची बेरीज करूनच भागाकार करायला हवा.

नोटीस बोर्डापुढे सर्वांत जास्त वाद होतो तो गोल केलेल्या आकड्यावरून. ५५ पैकी ४१ तास म्हणजे ७४.५५ टक्के. चौकोनात दशांश बंद असतील तर एक्सेल ७५% दाखवते, पण तुलना आतल्या खऱ्या आकड्याशी होते. मग नाव यादीत आणि नावापुढे ७५%. विद्यार्थी भांडायला येतो आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे बरोबरच असते. छापील यादीत दोन दशांश दाखवले आणि शेजारी ‘४१/५५’ असा मूळ अपूर्णांक दिला, तर वादाला जागाच उरत नाही. मग तो मुलगा आपल्या वहीतल्या तारखा पटाशी ताडून बघू शकतो, आणि पटावर तेवढी तपासणी करायचा त्याला हक्क आहे.

यादी वेगळी काढायला नव्या एक्सेलमध्ये एक ओळ पुरते:

```
=FILTER(A5:B64,BC5:BC64<0.75)
```

यात धोका कोऱ्या चौकोनाचा. ज्याने तो ऐच्छिक विषय घेतलाच नाही, त्याचा टक्क्याचा चौकोन रिकामा असेल तर एक्सेल तो शून्य समजते, आणि न घेतलेल्या विषयात मूल डिफॉल्टर ठरते. वरच्या सूत्रात शून्याच्या जागी "NA" ठेवले ते यासाठीच. तुलनेत एक्सेल अक्षरांना अंकांपेक्षा मोठे मानते, म्हणून अशी ओळ यादीत येत नाही.

हे सगळे सांभाळूनही यादी सत्राच्या शेवटीच लागली, तर विद्यार्थ्याच्या हाती काही उरत नाही. समजा, एका विषयाचे ४० तास झाले आणि विद्यार्थी २६ तासांना आला, म्हणजे ६५ टक्के. ७५वर यायला एकही तास न चुकवता पुढचे किती तास बसावे लागेल? झालेल्या तासांची तिप्पट वजा हजर तासांची चौपट: १२० वजा १०४, म्हणजे सलग १६ तास. सत्रात उरले असतील १२. बाराही तास बसला तरी ५२ पैकी ३८, म्हणजे ७३.१ टक्के. त्याचे दार आधीच बंद झाले आहे, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

हेच उलट बाजूने मोजले तर आणखी स्पष्ट होते. वेळापत्रकाप्रमाणे सत्रात ५२ तास होणार असतील, तर चौथा हिस्सा, म्हणजे जास्तीत जास्त १३ तास चुकवता येतात. चौदावा ज्या दिवशी बुडाला त्याच दिवशी निकाल लागला, मग सत्र आणखी महिनाभर का चालेना. दर पंधरा दिवसांनी शीटमध्ये टक्क्याशेजारी आणखी एक रकाना लावता येतो: अजून किती तास चुकवता येतील. तिथे ५ दिसले तर विद्यार्थी सावध होतो, २ दिसले तर पालकांना फोन जातो, आणि आजारपणाचे प्रमाणपत्र असेल तर ते सत्र चालू असतानाच ऑफिसात पोहोचते. त्यासाठी लागणारी सगळी माहिती शीटमध्ये पहिल्या आठवड्यापासून असते. विद्यार्थ्यापर्यंत ती जाते मात्र सत्राच्या शेवटी, हॉल तिकीट अडल्यावर.