तेलाची पिशवी सहा रुपयांनी स्वस्त

चौकात मोठं सुपरमार्केट उघडलं की जवळच्या किराणा दुकानदाराला पहिली घाई होते ती भाव उतरवायची. त्याआधी वहीत थोडं गणित मांडून बघावं.

समजा, सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी दुकानदाराला १४० रुपयांना पडते आणि तो ती १५० ला विकतो. महिन्याला १०० पिशव्या खपल्या की हजार रुपये सुटतात. सुपरमार्केटवाला १४४ ला देतो. आपणही १४४ केले तर पिशवीमागे चारच रुपये उरतात आणि तेच हजार रुपये सुटायला २५० पिशव्या खपाव्या लागतात. आळीतली माणसं काही अडीचपट तेल खाणार नाहीत. उलट भाव तसाच ठेवला आणि निम्मी गिऱ्हाइकं गेली तरी पाचशे सुटतात; भाव उतरवून सगळी राखली तर चारशे.

तरीही तेलात भाव धरून बसणं परवडत नाही. तेलासाठी गेलेलं गिऱ्हाईक डाळ, साबण, चहाही तिथूनच आणतं. तेल, साखर, तूरडाळ यांचे भाव घरोघरी तोंडपाठ असतात आणि दुकान महाग की स्वस्त, हे त्यावरूनच ठरतं. अशा मोजक्या जिनसांत बरोबरी करावी, किंवा रुपया-दोन रुपये वर राहावं; तेवढ्यासाठी कुणी रांगेत उभं राहत नाही. हिंगाच्या डबीचा भाव मात्र कुणाच्या लक्षात नसतो. तो कशाला उतरवायचा?

बरोबरी करण्याआधी समोरचा भाव नीट वाचावा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात ८०० आणि ८५० ग्रॅमच्याही पिशव्या असतात आणि दिसायला त्या सारख्याच. १३५ रुपयांची ८५० ग्रॅमची पिशवी लिटरच्या हिशेबाने १४४ च्या वर जाते. ‘एका बिलावर दोनच’ अशी पाटी असेल, घरपोचचे पैसे वेगळे असतील, मुदत संपत आलेला माल असेल, तर तेही भावाशेजारी टिपावं. दर आठवड्याला ठरलेल्या वारी नोंद केली की सणाची सूट कोणती आणि कायमचा भाव कोणता, हे तीन-चार नोंदींत कळतं. सुटीच्या मागे धावू नये.

कधी समोरचा विक्रीभावच आपल्या खरेदीपेक्षा कमी निघतो. तिथे बरोबरीचा हट्ट सोडावा आणि तुलनाच होणार नाही असा माल पुढे करावा: निवडलेली सुटी तूरडाळ, दुकानात भाजलेले शेंगदाणे, ताजी थालीपीठाची भाजणी. महिन्याच्या खात्यावर माल देणं हीसुद्धा सेवाच, फक्त वसुलीचा खर्च भावात धरायला हवा. हे बहुतेक जण विसरतात.

तेलाचा भाव उतरवल्यावर महिनाभर बिलं चाळावीत. तेलाबरोबर आणखी काय गेलं, ते पाहावं. नुसत्या पिशव्याच जात असतील तर त्या सहा रुपयांतले निदान तीन परत चढवायला हरकत नाही.