शनिवारची पाळी, रविवारची सकाळ

रात्रपाळीचा कामगार सोमवारी रात्री दहाला आत जातो आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला बाहेर पडतो. हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे ‘आत २२:००, बाहेर ०६:३०’ असं पडतं. दिवसपाळीच्या सवयीने बाहेरच्या वेळेतून आतली वेळ वजा करायला गेलं, तर साडेसहातून बावीस जात नाहीत. इथे उपाय सोपा आहे. बाहेरची वेळ आतल्या वेळेपेक्षा लहान दिसली की तिच्यात २४ मिळवायचे. ०६:३० म्हणजे ३०:३०, त्यातून २२:०० गेले की उरतात साडेआठ तास. जेवणाची बिनपगारी अर्धा तास सुट्टी वजा केली की कामाचे तास आठ.

एका पाळीचं गणित इतकंच. सहा पाळ्यांची बेरीज करून आठवड्याचे तास काढताना मात्र हिशेब सुटतो, कारण प्रत्येक पाळी दोन तारखांना शिवते आणि तिचे तास कोणत्या दिवसात धरायचे हे आधी ठरवावं लागतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५७व्या कलमात हे स्पष्ट लिहिलं होतं : पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्याच दिवसात मोजायचे. म्हणजे पाळी जिथे सुरू झाली त्या दिवसाची. कायदे आणि तासांच्या मर्यादा बदलत राहतात, पण हिशेबासाठी ही रीत आजही सगळ्यात स्वच्छ आहे.

एक नमुन्याचा आठवडा घेऊ. पॅकिंग विभागातला कामगार, सोमवार ते शनिवार रात्रपाळी, प्रत्येक पाळीत अर्धा तास बिनपगारी सुट्टी. चहाची दहा मिनिटं पगारी आहेत, म्हणून ती वजा करायची नाहीत.

| पाळी सुरू | आत | बाहेर | एकूण | सुट्टी वजा जाता |
|---|---|---|---|---|
| सोम | २२:०० | ०६:३० | ८:३० | ८:०० |
| मंगळ | २२:१० | ०६:३० | ८:२० | ७:५० |
| बुध | २१:५० | ०७:१५ | ९:२५ | ८:५५ |
| गुरू | २२:०० | ०६:३० | ८:३० | ८:०० |
| शुक्र | २२:०५ | ०६:४५ | ८:४० | ८:१० |
| शनि | २२:०० | ०८:२० | १०:२० | ९:५० |

शेवटच्या रकान्याची बेरीज करताना तास वेगळे आणि मिनिटं वेगळी मिळवावीत. तास होतात ४८, मिनिटं १६५. त्या १६५ मिनिटांचे दोन तास पंचेचाळीस मिनिटं, म्हणून आठवड्याचे ५० तास ४५ मिनिटं. ताळा दुसऱ्या वाटेने घेता येतो. ‘एकूण’ रकान्याची बेरीज ५३:४५ येते, त्यातून सहा सुट्ट्यांचे तीन तास वजा केले की पुन्हा ५०:४५. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा धरली, तर २:४५ ओव्हरटाइम.

आता हीच पाळी तारखेप्रमाणे तोडली तर काय होतं ते पाहू. काही ठिकाणी पत्रकात एका रात्रीच्या दोन ओळी पडतात, मध्यरात्रीपर्यंत एक आणि नंतर दुसरी. नोंद करणाऱ्याने किंवा यंत्राने दर ओळीला अर्धा तास कापला, तर एका रात्रीत दोनदा सुट्टी वजा होते. सहा रात्रींचे तीन तास असेच गळतात आणि ५०:४५ चे ४७:४५ होतात. ओव्हरटाइम संपला! म्हणून आठवड्यात किती पाळ्या झाल्या आणि किती वेळा सुट्टी कापली गेली, हे दोन आकडे आधी जुळवावेत.

शनिवारची रात्र याहून अवघड. त्या अधिनियमानुसार आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होत असे. आपला कामगार गाडीत माल भरून होईपर्यंत रविवारी सकाळी ८:२० पर्यंत थांबला. जेवण रात्री दोनला झालं असेल, तर मध्यरात्रीनंतरचं काम ७:५० भरतं. तारखेप्रमाणे तोडल्यास हे तास पुढच्या आठवड्यात जातात आणि या आठवड्यात उरतात ४२:५५. पुढच्या आठवड्यात त्याला दुसरी पाळी आहे आणि एक दिवस बिनपगारी रजा आहे. पाच दिवसांचे चाळीस तास, त्यात ७:५० मिळाले की ४७:५०. दोन्ही आठवडे ४८ च्या आत बसले. त्याने केलेलं काम एका मिनिटानेही कमी झालं नाही, पण पावणेतीन तासांचा ओव्हरटाइम कागदावर उरला नाही. पाळी अखंड ठेवली, तर पहिला आठवडा ५०:४५ आणि दुसरा ४०:०० राहतो.

संगणकाच्या तक्त्यात हे बसवणं सोपं आहे. B मध्ये आत, C मध्ये बाहेर आणि D मध्ये सुट्टी 0:30 अशी लिहिली, तर E मध्ये हे सूत्र द्यायचं :

```
=MOD(C2-B2,1)-D2
```

तक्ता एका दिवसाला १ हा आकडा मानतो, त्यामुळे उत्तर उणे आलं की MOD त्यात एक दिवस मिळवतो. खाली `=SUM(E2:E7)` दिलं की बेरीज होते, पण साध्या स्वरूपात तक्ता पूर्ण दिवस गिळतो आणि फक्त उरलेले तास दाखवतो. ५०:४५ मधून दोन दिवस, म्हणजे ४८ तास, गेले की पडद्यावर दिसतं 2:45. मर्यादाही नेमकी ४८ असल्याने ही चूक हुबेहूब ओव्हरटाइमसारखी दिसते. पण दुसऱ्या कोणाचे तास ४७:३० झाले, तर त्याच्यापुढे 23:30 येतं आणि तेव्हा घोटाळा कळतो. बेरजेच्या खान्याला `[h]:mm` स्वरूप दिलं की पूर्ण तास दिसतात.

पैसे काढताना मिनिटांचं दशांशात रूपांतर करावं लागतं. २:४५ म्हणजे २.७५ तास, कारण पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पाऊण तास. तासाला ९० रुपये दर आणि ओव्हरटाइमला दुप्पट धरला, तर २.७५ गुणिले १८० म्हणजे ४९५ रुपये होतात. कोणी २.४५ ने गुणलं, तर ४४१ येतात आणि ५४ रुपये कमी पडतात. तक्त्यात वेळेला २४ ने गुणलं की योग्य दशांश मिळतो.

MOD एक गोष्ट मात्र झाकतो. आत-बाहेरच्या वेळा उलट पडल्या, तरी तो निमूटपणे उत्तर देतो. दुपारी २ ते रात्री साडेदहाची पाळी उलटी लिहिली, तर साडेपंधरा तास दाखवेल. बाहेर पडताना पंच राहून गेला आणि यंत्राने दुसऱ्या रात्रीचा ‘आत’ हाच ‘बाहेर’ धरला, तर तेवीस-चोवीस तासांची किंवा अवघ्या काही मिनिटांची पाळी दिसते. म्हणून ‘एकूण’ रकान्यात बारा तासांपेक्षा मोठा किंवा अगदीच लहान आकडा आला की ती ओळ थांबून तपासावी. शक्य असेल तिथे वेळेसोबत तारीखही नोंदवावी, म्हणजे MOD ची गरजच राहत नाही आणि उलटी नोंद उणे उत्तराने लगेच उघडी पडते.

यंत्र सुट्टी ठरावीक कापत असेल, तर ती खरोखर मिळाली का हेही पाहावं. लाइन बंद न करता उभ्या उभ्या डबा खाल्ला असेल, तर तो अर्धा तास कामाचाच होता. त्या रात्रीपुढे D मध्ये 0:00 लिहावं आणि पर्यवेक्षकाची सही त्याच दिवशी घ्यावी. महिनाअखेरीला पगारपत्रक हातात आल्यावर कोणत्या रात्री जेवायला बसता आलं नव्हतं, हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं.