क्लॅश तीन मंगळवारांचा

११ मार्च २०२५, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला मी पुण्यातल्या ऑफिसातून लंडनच्या कॉलवर बसले होते. पाच-सात मिनिटं झाली असतील, तेवढ्यात टीममधल्या मुलाचा मेसेज आला, "मॅडम, न्यूयॉर्कवाले थांबलेत. तुम्ही येताय ना?" न्यूयॉर्कचा कॉल साडेसातचा, निदान महिनाभर तरी तो साडेसातलाच होत आला होता. कॅलेंडर उघडून बघितलं तर साडेसहाच्या जागेत दोन्ही कॉल शेजारी शेजारी उभे, आणि दोन्हींवर माझा होकार.

वाईट याचं वाटलं की हा होकार मी डोळे झाकून दिला नव्हता. फेब्रुवारीत न्यूयॉर्कचं इन्व्हाइट इनबॉक्समध्ये आलं, तेव्हा त्या दिवसाचं कॅलेंडर नीट बघितलं होतं. लंडनचा कॉल साडेसहा ते साडेसात, न्यूयॉर्कचा साडेसात ते आठ. एक संपतो तिथे दुसरा सुरू होतो. कुठेच क्लॅश नव्हता, म्हणून Accept दाबलं. चूक कुठे झाली हे समजायला इन्व्हाइटच्या पोटात काय असतं ते बघावं लागतं.

मीटिंगचं इन्व्हाइट म्हणजे नुसता मेल नव्हे. त्या मेलसोबत एक छोटी मजकूर-फाइल येते. तिची रचना १९९८ मध्ये ठरली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. तिला आयकॅलेंडर म्हणतात. आऊटलुक असो, गूगल असो वा आयफोन, सगळ्यांना ती वाचता येते. माझ्या न्यूयॉर्कच्या इन्व्हाइटमधल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
DTSTART;TZID=America/New_York:20250204T090000
DTEND;TZID=America/New_York:20250204T093000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
TRANSP:OPAQUE
```

पहिली ओळ सांगते की मीटिंग ४ फेब्रुवारीला सकाळी नऊला सुरू होते, पण न्यूयॉर्कच्या घड्याळाने. तिसरी ओळ म्हणते, दर मंगळवारी. भारतीय वेळ यात कुठेच नाही. साडेसात हा आकडा माझ्या कॅलेंडरने मला दाखवण्यापुरता काढलेला. तिथे नऊ वाजलेले असले की आपल्याकडे किती वाजलेत, हे ते प्रत्येक तारखेला नव्याने मोजतं.

आपलं घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात. २०२५ मध्ये तो रविवार ९ मार्चचा होता. त्या दिवसापासून न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा झाले. लंडनचं घड्याळ पुढे जातं मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे त्या वर्षी ३० तारखेला. तोवर लंडनचा दुपारी एकचा कॉल आपल्याकडे साडेसहालाच होता. म्हणून ११, १८ आणि २५ मार्च या तीन मंगळवारी दोन्ही कॉल एकमेकांवर आले. ३० तारखेनंतर लंडनचा कॉल साडेपाचला सरकला आणि क्लॅश आपोआप मिटला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. लंडनचं घड्याळ २६ ऑक्टोबरला मागे आलं, न्यूयॉर्कचं २ नोव्हेंबरला. मधला २८ ऑक्टोबरचा मंगळवार पुन्हा दोन्हीकडून बुक.

मी फक्त पहिली तारीख तपासली होती. दर आठवड्याच्या मीटिंगला होकार देताना आपण एका तासाला हो म्हणत नसतो, पन्नास-बावन्न वेगवेगळ्या तासांना हो म्हणत असतो. इन्व्हाइटसोबत कॅलेंडर 'क्लॅश आहे' किंवा 'नाही' असं दाखवतं, ते पुढच्या सगळ्या तारखा बघून की फक्त पहिली बघून, हे आपल्या अॅपमध्ये एकदा तपासून घ्यायलाच हवं. खात्री नसेल तर मार्च आणि ऑक्टोबरचे आठवडे स्वतः उघडून बघावेत.

क्लॅश ओळखण्याचा हिशेब तसा सोपा आहे. नवी मीटिंग जुनी संपायच्या आत सुरू होत असेल, आणि जुनी मीटिंग नवी संपायच्या आत सुरू होत असेल, तर दोन्ही एकमेकींवर येतात. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, तरी क्लॅश नाही. 'आत' या शब्दावर सगळा भर आहे. साडेसातला एक संपते आणि साडेसातलाच दुसरी सुरू होते, तेव्हा 'आत' होत नाही, म्हणून कॅलेंडर ती वेळ मोकळी समजतं. माणसाला उठून पाणी प्यायला पाच मिनिटं लागतात, हे कॅलेंडरला ठाऊक नसतं. हिंजवडीतून शिवाजीनगरला संध्याकाळी पोचायला किती वेळ लागतो, तेही नाही. प्रवास करून जायच्या मीटिंगआधी मी 'प्रवास' नावाची वेगळी नोंद टाकते. ती टाकली तरच तो वेळ हिशेबात धरला जातो.

खरा घोळ होतो तो 'जुनी मीटिंग' कशाला म्हणायचं इथे. वरच्या फाइलमधली शेवटची ओळ, TRANSP:OPAQUE, सांगते की ही नोंद वेळ अडवते. तिथे TRANSPARENT असेल तर नोंद कॅलेंडरवर दिसते, पण ती वेळ मोकळीच धरली जाते. स्क्रीनवर आपल्याला हेच Busy आणि Free असं दिसतं. पूर्ण दिवसाची नोंद केली की बऱ्याच कॅलेंडरांत ती आपण न सांगताच Free होते. वाढदिवसाच्या नोंदीला ते ठीक आहे. पण गौरी-गणपतीची रजा अशीच पूर्ण दिवसाची म्हणून टाकली, तर नियमाने होकार देणारं कोणतंही साधन त्या दिवशी खुशाल मीटिंगा स्वीकारतं. आमच्याकडे एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे घडलं. गौरी जेवणाच्या दिवशी त्यांच्या नावावर तीन मीटिंगा लागल्या होत्या. रजेच्या नोंदीवर Busy किंवा Out of office आहे ना, हे रजा टाकतानाच बघावं.

उलटाही प्रकार असतो. इन्व्हाइट इनबॉक्समध्ये येतं, त्याच वेळी बहुतेक कॅलेंडरं ते आधीच तात्पुरतं मांडून ठेवतात. त्यामुळे उत्तर देण्याआधी 'या वेळेत काही आहे का' असं विचारलं, तर उत्तर 'हो' येतं, आणि ते असतं ते खुद्द हेच इन्व्हाइट. ज्यांनी स्वतः छोटी स्क्रिप्ट लिहून हे काम यंत्राकडे दिलंय, त्यांना ही पहिली ठेच बसते. तपासताना आलेलं इन्व्हाइट स्वतःला वगळावं लागतं, आणि आपण नकार दिलेल्या मीटिंगाही. तुमच्या नियमाने प्रत्येक मीटिंग क्लॅश दाखवायला लागली, तर कारण बहुधा हेच.

आता योग्य मीटिंग कोणती, हा प्रश्न. क्लासिक आऊटलुकमध्ये File, मग Options, मग Calendar इथे Auto Accept/Decline नावाचं बटण आहे. त्यात क्लॅश होणाऱ्या मीटिंगला आपोआप नकार पाठवण्याची सोय आहे. मीटिंग रूमच्या कॅलेंडरला असाच नियम लावलेला असतो. जो आधी मागेल त्याला खोली, नंतरच्याला नकार. दर आठवड्याची मालिका असेल आणि त्यातली एकच तारीख अडत असेल, तरी नेहमीच्या सेटिंगनुसार खोली पूर्ण मालिकाच नाकारते. खोलीसाठी हे रास्त आहे, कारण खोलीला सगळ्या मीटिंगा सारख्या. माणसाला त्या सारख्या नसतात. सोमवारी कोणीतरी बुक केलेल्या गप्पांच्या मीटिंगमुळे बुधवारी ग्राहकाच्या तातडीच्या कॉलला आपोआप नकार गेला, तर 'आधी आलेला' या नियमाने नुकसानच केलं.

म्हणून माझं मत असं बनलंय: होकार नियमावर सोडावा, नकार कधीच सोडू नये. मी आपोआप होकार देते तो मोजक्याच इन्व्हाइटना. पाठवणारी व्यक्ती आमच्या प्रकल्पातली हवी. मीटिंग सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसात यांच्या आत आणि तासाभराहून मोठी नसावी. इन्व्हाइटमध्ये विषयाच्या दोन ओळी तरी असाव्यात. आणि येत्या वर्षभरातल्या एकाही तारखेला क्लॅश नसावा. यातलं एक जरी चुकलं, तरी इन्व्हाइट तसंच थांबतं आणि दिवसातून दोनदा मी ते स्वतः बघते. एकाच वेळेची दोन इन्व्हाइट आली तरी दोन्ही थांबतात. नाहीतर आधी वाचलं गेलेलं जिंकतं, आणि मेल कोणत्या क्रमाने आले याला काहीच अर्थ नसतो. वेळ बदलल्याचं नवं इन्व्हाइट आलं तर जुना होकार धरत नाही, तपासणी पहिल्यापासून.

नकार हाताने द्यायचा, याचं कारण असं की नुसता Decline समोरच्याला काहीच सांगत नाही. वेळ जमत नाही, की विषयाशी संबंध नाही, की माझ्याऐवजी दुसऱ्याने यावं? गूगल आणि आऊटलुक दोन्हीकडे नवी वेळ सुचवण्याची सोय आहे, ती वापरावी.

त्या मार्चमध्ये मी तेच केलं. न्यूयॉर्कच्या मीटिंग लीडरना लिहिलं, "१८ आणि २५ तारखेला लंडनचा कॉल याच वेळी आहे. फक्त या दोन दिवशी तुमच्याकडे दहाला भेटता येईल का?" त्यांचे दहा म्हणजे आपले साडेसात. त्यांनी त्या दोन तारखा उघडल्या आणि बदल करताना This event निवडलं. All events निवडलं असतं तर वर्षभराची मालिका दहाला सरकली असती. दोन दुरुस्त इन्व्हाइट आली, मी पुन्हा तपासून होकार दिला, बाकीच्या मंगळवारांना हात लागला नाही.

तुमचे कॉल लंडन किंवा युरोपशीही असतील आणि अमेरिकेशीही, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतचा आठवडा आजच कॅलेंडरवर उघडून बघा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंतचे दोन-तीन आठवडेही बघा. एकमेकांवर आलेले कॉल तिथे आत्ताच दिसतील.