कार्बाइन आणि रायफल : आखूड नळीमुळे नेमके काय बदलते?

अमेरिकी सैन्याने १९९४ मध्ये एम-४ ही कार्बाइन स्वीकारली. एम-१६ ए-२ रायफलचीच ती आखूड आवृत्ती आहे. दोहोंत ५.५६ मिलिमीटरचे तेच काडतूस चालते. मात्र रायफलची नळी सुमारे ५१ सेंटीमीटर, तर कार्बाइनची सुमारे ३७ सेंटीमीटर लांब असते. बाकी रचना बरीचशी सारखी असल्याने, नळीच्या लांबीचा परिणाम तपासण्यास ही जोडी सोयीची ठरते.

काडतुसातील दारू पेटताच तयार होणारा वायू गोळीला पुढे ढकलू लागतो. गोळी नळीत आहे तोवरच हा दाब कामी येतो. आखूड नळीत गोळी लवकर बाहेर पडते आणि वायूची उरलेली शक्ती हवेत विरते. एम-१६ मधून चार ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ९५० मीटर वेगाने निघते. एम-४ मधून सुमारे ९००. वेगातील घट पाच टक्क्यांची दिसली, तरी ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे १८०० ज्यूलवरून १६०० च्या आसपास येते, म्हणजे दहा टक्क्यांनी घटते. दुसऱ्या शब्दांत, रायफलच्या गोळीचा वेग साधारण ५५ मीटर अंतर कापल्यावर जितका उरतो, तितका कार्बाइनच्या गोळीला मुळातच मिळतो. जवळच्या चकमकीत हे फारसे जाणवत नाही. दूरच्या लक्ष्यावर जाणवते.

वाया गेलेली ही शक्ती आवाजाच्या रूपाने मात्र प्रकट होते. आखूड नळीच्या तोंडाशी वायूचा दाब अधिक असतो, त्यामुळे धमाका आणि ज्वाळा दोन्ही वाढतात. शिवाय नळीचे तोंड चालवणाऱ्याच्या कानाजवळ येते. तशी दोन्ही शस्त्रे १४० डेसिबलची धोक्याची पातळी ओलांडतातच. रायफल ‘कमी आवाजाची’ म्हणून तिच्यासोबत कर्णरक्षक टाळणे चुकीचे होय. बंद खोलीत कार्बाइनचा त्रास विशेष तीव्र असतो.

आखूड नळीची गोळी अचूक लागत नाही, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. नळी मुळात चांगली असेल, तर केवळ ती आखूड असल्याने गोळ्या विखुरत नाहीत. फरक पडतो तो साध्या दृष्टीने नेम धरताना. एम-१६ वर पुढची माशी आणि मागचे छिद्र यांत सुमारे ५० सेंटीमीटर अंतर असते, एम-४ वर ३७. नेम धरताना माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर शंभर मीटरवर रायफलची गोळी दहा सेंटीमीटर चुकते, कार्बाइनची साडेतेरा. दुर्बीण बसवली की हा फरक नाहीसा होतो.

मग कार्बाइन हवीच कशाला? रायफलची एकूण लांबी एक मीटर आहे. दस्ता आत सरकवलेली एम-४ सुमारे ७६ सेंटीमीटरची होते, आणि वजनही सुमारे अर्धा किलोने कमी भरते. चिलखती गाडीच्या दारातून उतरताना किंवा अरुंद जिन्यात वळताना शस्त्र भिंतीला अडकत नाही. ज्या सैनिकाची बहुतेक लढाई अशाच जागी होते, त्याला सेकंदाला ५० मीटरचा तोटा परवडतो. उघड्या डोंगरउतारावर लढणाऱ्याचे गणित वेगळे असते.