स्क्रीनशॉटमधून नुसती बातमी काढायची कशी? आधी कात्री, मग कॉपी

हरसूल : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी बातमीची लिंक टाकत नाही, स्क्रीनशॉट टाकतात. त्यातला मजकूर गुगल लेन्सने कॉपी करून पुढे पाठवला की बातमीसोबत मेनू, जाहिरात सगळंच जातं. लेन्सला बातमी कोणती नि जाहिरात कोणती ते कळत नाही, फोटोत दिसेल ते अक्षर ते उचलतं.

धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीची बातमी घ्या. स्क्रीनशॉट दोन होते. एका भावाने दोन्ही तसेच कॉपी केले, तर असं आलं : ‘होम ताज्या बातम्या शेती नोंदणीसाठी सातबारा, आधार कार्ड आणि बँक ५ मिनिटांत कर्ज फक्त आधारवर होम ताज्या बातम्या शेती आधार कार्ड आणि बँक पासबुकची प्रत लागेल.’ वाचणाऱ्याला वाटलं, नोंदणी केली की कर्ज मिळतं! ती स्क्रीनच्या तळाशी चिकटलेली जाहिरात होती.

म्हणून कॉपी करण्याआधी फोटो कापा. गॅलरीत एडिटमध्ये जाऊन क्रॉप घ्या. वरची मेनूची पट्टी, खालची जाहिरात, बाजूची शेअरची बटणं बाहेर ठेवा आणि वेगळी प्रत सेव्ह करा, मूळ फोटो पुसू नका. दोन परिच्छेदांच्या मधोमध जाहिरात किंवा ‘हेही वाचा’ असेल तर ते क्रॉपने जात नाही. तिथे लेन्समध्ये बोटाने वरचा भाग निवडून कॉपी करा, मग खालचा वेगळा.

दोन फोटो जोडताना सांधा बघावा लागतो. वरच्या उदाहरणात पहिला फोटो ‘बँक’ला तुटला, दुसरा ‘आधार कार्ड आणि बँक’पासून सुरू झाला. म्हणजे तीन-चार शब्द दोन्हीकडे आहेत, एकदाच ठेवायचे. वाक्य होतं : ‘नोंदणीसाठी सातबारा, आधार कार्ड आणि बँक पासबुकची प्रत लागेल.’ असे सामाईक शब्दच नसतील तर मधली ओळ सुटली असं समजा.

कुकीची पाटी म्हणजे `Accept all`, `Reject all` अशी बटणं असलेला डबा. तो बातमीवर बसतो आणि खालच्या ओळी फोटोत येतच नाहीत. स्वतः स्क्रीनशॉट काढत असाल तर आधी `Reject all` दाबून डबा घालवा. दुसऱ्याने पाठवलेल्या फोटोत असेल तर झाकलेल्या ओळी कोणत्याच अ‍ॅपने परत येत नाहीत. तिथे ‘इथे ओळी झाकल्या आहेत’ असं लिहा, अंदाजाने भरू नका. लिंक मागवता आली तर उत्तमच.

शेवटी आकडे मूळ फोटोशी ताडून बघा. मराठी ५ आणि ६ मध्ये, किंवा १ आणि ९ मध्ये फोटो अंधुक असला की गल्लत होते. नोंदणीची शेवटची तारीख अशीच चुकते.