जर्मनीचं ‘फुकट’ शिक्षण आणि पहिल्या वर्षाचा खरा हिशेब

मुलगा किंवा मुलगी मास्टर्ससाठी जर्मनीला जाणार म्हटलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं: ‘तिथे फी नसते, फक्त राहण्या-खाण्याचा खर्च.’ या वाक्यात तथ्य आहे. पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्यावरच उभा केला तर ऑक्टोबरात, विद्यार्थी तिथे पोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, पैसे कमी पडतात. वर्षाची एकूण रक्कम बहुतेकांना ठाऊक असते. कोणता पैसा कधी लागतो आणि रुपयाचा युरो होताना किती गळतो, हे बहुधा कुणी मांडूनच पाहिलेलं नसतं.

गैरसमज: सरकारी विद्यापीठात फी नसते

बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत हे खरं आहे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला 1,500 युरो घेतं. स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग ही सगळी त्याच राज्यातली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली असून मास्टर्ससाठी ती सत्राला 4,000 ते 6,000 युरो आहे. याशिवाय काही सरकारी विद्यापीठांचे ठरावीक इंग्रजी मास्टर्स सशुल्क असतात. म्हणून विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका, त्या अभ्यासक्रमाचं फीचं पान वाचा.

फी नसली तरी दर सत्राला विद्यार्थी सेवा आणि प्रवासाच्या पासापोटी वर्गणी भरावी लागते. अनेक ठिकाणी ती 300 युरोंच्या आसपास असते, काही शहरांत बरीच कमी. ती भरल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, त्यामुळे अनेकांना पहिली वर्गणी भारतातूनच पाठवावी लागते.

गैरसमज: ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम म्हणजे वर्षाचा खर्च

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. ही सरकारने ठरवलेली किमान रक्कम आहे. शहर कोणतं, खोली कशी, याचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय खात्याची सेवा देणारी कंपनी स्थापनेचं आणि महिन्याचं शुल्क घेते, ते बहुधा या रकमेवर वेगळं भरावं लागतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, साताऱ्याची 23 वर्षांची मुलगी आखेनला मास्टर्ससाठी निघाली आहे. फी नाही. शेअर्ड फ्लॅटमधल्या खोलीचं हीटिंग-पाण्यासकट भाडं 480 युरो धरू. वर्षाचे झाले 5,760. आरोग्य विमा महिन्याला 145, म्हणजे 1,740. दोन सत्रांची वर्गणी 600. स्वतः स्वयंपाक करून खाण्याचा खर्च महिन्याला 220, म्हणजे 2,640. फोन, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, छपाई, कधीतरी बाहेरचं खाणं यांना महिन्याला 100, म्हणजे 1,200. बेरीज 11,940 युरो.

आकडा व्हिसाच्या रकमेशी जवळजवळ जुळला, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण यात एकदाच येणारे खर्च कुठे आहेत? घरमालक डिपॉझिट मागतो. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि भाडेकरूला तीन हप्त्यांत देण्याचा हक्कही आहे. मूळ भाडं म्हणजे हीटिंग-पाणी वगळून. इथे ते 400 धरू आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं, 800. आल्याबरोबर खोली मिळाली नाही तर पंधरा दिवस हॉस्टेलवर, रात्रीचे 30 धरले तरी 450. निवास परवान्याला 100 युरोंपर्यंत. गादी, भांडी, हिवाळी कोट यांना 300. हे झाले 1,650, म्हणजे एकूण 13,590.

रक्कम वाढली हे एक, पण ती लागते केव्हा ते पाहा. डिपॉझिट, पहिलं भाडं, सत्राची वर्गणी, पहिला विमा हप्ता, परवाना, सामान, हॉस्टेल आणि पहिल्या महिन्याचं जेवण (इथे 200 धरू) मिळून 2,775 युरो पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच जातात. ब्लॉक्ड अकाउंटमधून त्या महिन्यात निघतात फक्त 992. उरलेले पैसे तुमचेच असले तरी काढता येत नाहीत.

आणि ते 992 सुद्धा लगेच हातात येत नाहीत. ते जमा व्हायला जर्मनीतलं चालू खातं लागतं, बहुतेक बँका त्यासाठी पत्त्याची नोंदणी मागतात, आणि नोंदणीला घरमालकाची लेखी पुष्टी लागते. हॉस्टेलवाले सहसा ती देत नाहीत. म्हणजे पक्की खोली लांबली की पैसाही लांबतो. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डावर किंवा थोडे रोख, किमान 2,000 युरो वेगळे ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. ‘पार्ट टाइम काम करून भागवू’ हे पहिल्या तिमाहीच्या हिशेबात धरू नये. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण काम मिळून पहिला पगार हाती यायला वेळ लागतो.

म्युनिकसारख्या शहरात हेच भाडं महिन्याला 300 युरोंनी जास्त धरलं, तर वर्षाचे 3,600 वाढले. तिथे 11,904 हा आकडा नुसता कागदावरचा राहतो.

गैरसमज: विमा म्हणजे विमा, स्वस्तातला घ्यावा

भारतातून निघताना घेतलेला प्रवास विमा फक्त पोचण्यापासून प्रवेश पूर्ण होईपर्यंतच्या दिवसांसाठी असतो. विद्यापीठाला त्यानंतरचा जर्मन आरोग्य विमा लागतो. विद्यार्थी सवलतीचा सार्वजनिक विमा साधारणपणे तिशीपर्यंत मिळतो आणि 2025 मध्ये 23 वर्षांवरच्या, मूल नसलेल्या विद्यार्थ्याला त्याचा हप्ता महिना 145 युरोंच्या घरात होता.

दरमहा तीस-चाळीस युरोंच्या खासगी योजना भुरळ घालतात. पण त्या घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट मागितली की ती सूट संपूर्ण शिक्षणासाठी बंधनकारक होते. पुढच्या वर्षी विचार बदलला तरी त्याच शिक्षणात परत फिरता येत नाही. स्वस्त योजनांत आधीपासूनचे आजार किंवा मोठे उपचार वगळलेले असू शकतात. वर्षाला हजारेक युरो वाचवण्यासाठी ही जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही. तिशी ओलांडलेल्यांना मात्र खासगी पर्याय तपासावाच लागतो, आणि त्यांनी विम्याचा आकडा वरच्या उदाहरणातून उचलू नये.

गैरसमज: ‘शून्य कमिशन’ म्हणजे पैसे बदलायला खर्च नाही

बँक किंवा फॉरेक्स कंपनी आपली कमाई शुल्कात दाखवते त्याहून जास्त दरात लपवते. बाजारातला मधला दर एक असतो आणि तुम्हाला सांगितलेला विक्रीचा दर दुसरा. सोप्या हिशेबासाठी मधला दर 100 रुपये धरू. बँकेने 102.50 सांगितला, तर 11,904 युरोंना 29,760 रुपये जास्त गेले. पावतीवर मात्र ‘कमिशन: 0’.

त्यावर जीएसटी येतो, पण तो पूर्ण रकमेवर 18 टक्के नसतो, ही भीती अनेकांना उगाच असते. तो एका ठरावीक, छोट्या मूल्यावर लागतो. दहा लाखांवरच्या रकमेसाठी हे मूल्य 5,500 रुपये अधिक वरच्या भागाचा 0.1 टक्का असतं. आपल्या उदाहरणात 12 लाख 20 हजार रुपये जातात, तर जीएसटी येतो साधारण 1,030 रुपये. खरा घाव दरातल्या फरकाचा.

तिसरी गळती वाटेतली. परदेशी हस्तांतरणात मधली बँक आपलं शुल्क कापून घेते. 11,904 पाठवले आणि 11,884 पोचले, तर वीस युरोंसाठी खात्याचं प्रमाणपत्र अडू शकतं आणि व्हिसाची तारीख जवळ आलेली असते. म्हणून ‘सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय (फॉर्मवर तो `OUR` असा लिहिलेला असतो) निवडावा, आणि वर पन्नासेक युरो जास्त पाठवावेत.

दरांची तुलना करायची रीत सोपी आहे. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या खात्यातून सगळं मिळून किती रुपये जातील आणि तिकडे नेमके किती युरो पोचतील?’ रुपयांना युरोंनी भागा आणि त्याच तासाच्या मधल्या दराशी ताडून पाहा. इथे 12,20,160 अधिक जीएसटी अधिक हजारभर रुपये शुल्क धरलं, तर युरो 102.67 ला पडतो. दुसऱ्या ठिकाणी तोच 101 ला पडत असेल, तर घासाघीस करायला हाती आकडा आला. शैक्षणिक कर्ज असेल तर बहुधा कर्ज देणारी बँक स्वतःच पैसे पाठवते. तिथेही दरासाठी शाखेत लेखी विनंती करून पाहावी.

दर हलतो तो वेगळाच. 2025 मध्ये जानेवारीत युरो 90 रुपयांच्या आत होता, सप्टेंबरात 103 च्या आसपास. पंधरा रुपयांचा फरक धरला तर 11,904 युरोंवर 1 लाख 78 हजार रुपये होतात. त्यामुळे कर्जाची रक्कम ठरवताना आजच्या दरावर आठ-दहा टक्के वाढ धरूनच ठरवा.

आणि टीसीएस?

तो खर्च नाही, पण पैसा अडकतो. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नियमांनुसार स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर, वर्षातल्या पहिल्या दहा लाखांनंतर 5 टक्के टीसीएस कापला जात होता. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर काहीच नाही. त्या दराने आपल्या उदाहरणात 2 लाख 20 हजारांवर साधारण 11,000 रुपये. ही रक्कम ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या 26एएस मध्ये दिसते आणि त्याच्या आयकरातून वजा होते. वडील निवृत्त असतील आणि त्यांना कर लागत नसेल, तरी परतावा मिळवायला त्यांनी विवरणपत्र भरायलाच हवं. आई नोकरीत असेल आणि दरमहा पगारातून कर कापला जात असेल, तर हस्तांतरण तिच्या खात्यातून करावं आणि टीसीएसची माहिती तिच्या कार्यालयाच्या लेखा विभागाला द्यावी, म्हणजे तेवढा कर पुढच्या महिन्यांच्या पगारातूनच कमी कापला जाऊ शकतो.