मीटर टाका, लेखांक ९ : पन्नास रुपयांचा नकार

या आठवड्यात शेअर रिक्षांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण मुलुंडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. रात्री सव्वादहाला त्या सासूबाईंना घेऊन स्टेशनबाहेर आल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, घर जेमतेम सव्वा किलोमीटर. रांगेतल्या पहिल्या रिक्षावाल्यानं मान हलवली, दुसरा म्हणाला "उधर नहीं जाएगा", तिसऱ्यानं ऐकूनच घेतलं नाही. अशा सात झाल्या. आठवा तयार झाला, पण "रात का टाइम है, पचास लगेगा" म्हणून. ताईंनी तक्रारीची भाषा काढली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कर दो. पचास रुपया फाइन है." ताई विचारतात, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर तक्रार कशाला करायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना मलाही वाईट वाटतं. तो खरं बोलला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १७८, पोटकलम ३ हे भाडं नाकारणाऱ्यासाठी आहे. वाहन दुचाकी किंवा तीनचाकी असेल तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि इतर वाहन असेल, म्हणजे टॅक्सी, तर दोनशे रुपयांपर्यंत, असं त्यात मुळात होतं. २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, हेल्मेटपासून दारू पिऊन गाडी चालवण्यापर्यंत सगळे दंड कितीतरी पटींनी वाढले. या पोटकलमात टॅक्सीचे दोनशे वाढवून पाचशे झाले. तीनचाकीचे पन्नास मात्र तसेच राहिले.

रात्रीचं म्हणाल तर तो साफ खोटं बोलला. मुंबईत रात्रीचं जादा भाडं मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेतच लागतं आणि तेही पंचवीस टक्के. सव्वादहाला मीटरप्रमाणे सव्वीस रुपये, त्यावर एक पैसाही नाही. बारानंतर याच प्रवासाचे तेहतीसच्या आसपास झाले असते. पन्नास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

दंडापाशी थांबलो तर पत्राचं उत्तर इथंच संपेल. पण मला आधी वेगळंच सांगायचंय, की सात जणांनी नाही का म्हटलं. रिक्षावाले उर्मट असतात, हे उत्तर मला पुरत नाही. तोच माणूस दुपारी रस्त्यात हात केला तर सव्वा किलोमीटरला निमूट येतो. स्टेशनच्या रांगेतच तो बदलतो. त्याचं कारण दराच्या गणितात आहे, आणि हे गणित मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय.

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. आता १७.१४ ला दीडने गुणा. २५.७१ येतात, म्हणजे गोळाबेरीज २६. टॅक्सीचं पाहा, किलोमीटरला २०.६६ आणि किमान भाडं ३१. दीडने गुणलं की ३०.९९. त्याआधीचे, २०२२ चे रिक्षाचे दर होते १५.३३ आणि २३. तिथंही तेच. म्हणजे किमान भाडं हा आकडा वेगळा ठरवलेलाच नाही. तो फक्त दीड किलोमीटरचा साधा हिशेब आहे. गाडीत बसण्याचे, मीटर टाकण्याचे, तुमच्यासाठी उभं राहण्याचे वेगळे पैसे मुंबईच्या दरात नाहीत. पैसे मिळतात ते धावलेल्या अंतराचे, आणि मध्ये गाडी खोळंबली तर त्या वेळेचे थोडे.

प्रवाशाला याचा फायदा असा, की हिशेब तोंडी करता येतो. दीड किलोमीटरच्या पुढे कितीही अंतर असो, त्याला सतरांनी गुणा आणि दर सात किलोमीटरमागे एक रुपया मिळवा. सात किलोमीटरचे बरोबर १२० रुपये होतात. वाटेत सिग्नलला थांबलात तर चार-दोन रुपये वर. मीटर याच्या फार पुढे पळत असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

आता हेच गणित रांगेत उभं राहून करा. रिक्षावाला वीस मिनिटं पुढे सरकत सरकत पहिला येतो. समोर ताई येतात आणि सव्वा किलोमीटर सांगतात, मिळणार २६. त्यांच्या मागचा माणूस सात किलोमीटर सांगणार असेल तर मिळणार १२०. ताईंना सोडून तो परत आला की रांगेत पुन्हा शेवटचा. वीस मिनिटांच्या थांबण्याचे पैसे दरात कुठेच नसल्यानं ते वसूल होतात फक्त लांबच्या भाड्यातून. म्हणून तो जवळच्याला नाही म्हणतो, किंवा "पचास" म्हणतो. तो पन्नासचा आकडा म्हणजे त्यानं स्वतः ठरवलेलं बसण्याचं भाडं आहे.

दर असाच असायला हवा असं नाही. दिल्लीत जानेवारी २०२३ मध्ये दर बदलले तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११ ठरले. दीडला ३० म्हणजे किलोमीटरला वीस पडतात. सुरुवात महाग, पुढचा रस्ता स्वस्त. सात किलोमीटरचे तिथं साडेनव्वद होतात. म्हणजे लांबचं भाडं जवळच्याच्या तिप्पट. आपल्याकडे ते साडेचारपटीहून जास्त. दिल्लीत नकार मिळत नाही असं मुळीच नाही, तिथल्या तक्रारी मी ऐकल्यात. पण जवळच्या प्रवाशाला टाळण्याचा मोह तिथल्या दरानं तरी इतका वाढवलेला नाही. आपल्या दराची रचना बदलावी, पहिल्या टप्प्याला थोडे जास्त द्यावेत आणि पुढचा दर उतरवावा, असं मला मनापासून वाटतं. जवळ जाणारे बहुतेक वेळा म्हातारे, आजारी किंवा सामान असलेलेच असतात, बाकीचे चालत जातात. त्यांना चार रुपये जास्त पडले तरी चालतील, पण रिक्षा मिळाली पाहिजे.

पण दर बदलेपर्यंत ताईंनी काय करायचं? इथं त्यांचा दुसरा प्रश्न येतो.

दंड पन्नास असला तरी रिक्षावाल्याची, खरं तर रिक्षाच्या मालकाची, खरी पुंजी दंडात नसून परवान्यात असते. ठरलेलं भाडंच घ्यायचं आणि मीटर चालू स्थितीत ठेवायचा, या परवान्याच्या अटी असतात. अट मोडली तर कलम ८६ खाली परिवहन प्राधिकरण परवाना काही दिवस निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं. निलंबनाऐवजी मालक ठरावीक रक्कम भरायला तयार झाला तर ती घेऊन प्रकरण मिटवायची सोयही त्याच कलमात आहे. हवालदारानं पावती फाडली तर तो पन्नासचा मामला. लेखी तक्रार परिवहन कार्यालयात गेली तर नोटीस मालकाच्या नावानं निघते. रात्री ताईंशी बोलला तो बहुधा पाळीनं रिक्षा चालवणारा होता. मालक घरी झोपलेला असेल. उद्या त्याला कार्यालयात बोलावणं आलं की पहिला फोन तो याच माणसाला करणार.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका नकाराचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला होता. दोन बॅगा होत्या, अंतर दोन किलोमीटर. "गॅस भरना है" म्हणाला. गॅसचं कारण खरंही असतं, पंपावर तासतास रांगा लागतात, म्हणून मी काही बोललो नाही, बाजूला उभा राहिलो. मिनिटभरात एक जोडपं आलं, त्यांनी विमानतळ म्हटलं आणि तो त्यांना घेऊन गेला. मी नंबर लिहून घेतला, वेळ लिहिली आणि ते जोडपंही तक्रारीत लिहिलं. महिना-सव्वा महिन्यानं मला बोलावलं. मालक म्हणजे साठीचा एक थकलेला माणूस होता, त्याला कशातलं काही माहीत नव्हतं. चालक पुन्हा गॅसच म्हणाला. अधिकाऱ्यानं तक्रारीतली जोडप्याची ओळ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "मग विमानतळापर्यंत गॅस कुठून आला?" चालक गप्प बसला. मालकानं निलंबनाऐवजी रक्कम भरली. त्याच्याकडे पाहून मला बरं वाटलं नाही, पण त्यानं चालकाला बाहेर नेऊन जे सुनावलं ते मी ऐकलं. पन्नासच्या पावतीनं ते झालं नसतं.

त्या दिवशी समजलं की तक्रार उभी राहते ती अशा एका ओळीवर. परवाना कुणाचा ऐकून न घेता काढता येत नाही, मालकाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. तेव्हा तो जी कारणं सांगणार, त्यांचं उत्तर तक्रारीत आधीच असलं पाहिजे. ड्युटी संपली होती? मग तो रांगेत का उभा होता, ते लिहा. मागून दुसऱ्याला घेतलं? लिहा. कुठं जायचं म्हणून सांगितलंत ते ठिकाण अवश्य लिहा. ते नसेल तर "यांना हद्दीबाहेर जायचं होतं" म्हणायची वाट मोकळी राहते, आणि ते कारण रास्त आहे. वांद्र्याची रिक्षा खाडी ओलांडून माहीमला येऊच शकत नाही, तो नाही म्हणाला तर तो नकार नव्हे. चार माणसं बसवायला नाही म्हटलं तर तोही नव्हे.

ताईंनी पत्रात आठवीचा नंबर दिलाय: एमएच ०३, पुढे चार आकडे. मधली अक्षरं नाहीत. घाईत सगळ्यांचं असंच होतं, आकडे लक्षात राहतात आणि अक्षरं निसटतात. पण तेच चार आकडे त्याच कार्यालयात कितीतरी गाड्यांना असतात, अक्षरांशिवाय मालक सापडत नाही. मोबाइलवर पाटीचा फोटो काढणं सगळ्यात सोपं. सुरुवातीच्या आकड्यावरून गाडी कुठं नोंदवली आहे तेवढं कळतं: ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, ०४ ठाणे. मुलुंडला ठाण्याच्या रिक्षा दिसतात, म्हणून ही पाटी नीट पाहायला हवी.

तर ताई, या खेपेला त्या आठव्याचं काही करता येईल असं वाटत नाही. मात्र तो पन्नास मागत होता ती वेगळी तक्रार आहे, नकाराची नव्हे, जादा भाड्याची. आधीच्या सातांवरची तक्रार याहून सोपी होती, कारण ते रांगेत उभे होते आणि तुमच्यासमोर दुसऱ्यांना घेऊन गेले, असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी सासूबाईंना बाकावर बसवा आणि पहिल्याच पाटीचा फोटो काढा. त्याला दिसेल असा काढा.

शेअर रिक्षा पुढच्या आठवड्यात.